सोलरचा प्रस्ताव आणि त्याच्यासोबत जाणारा मेल

केंद्र सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना आणली. घरगुती ग्राहकांबरोबर गृहनिर्माण सोसायट्यांच्या सामाईक वापरासाठीही तिच्यात अनुदान ठेवलं आणि सोलरचं काम करणारे लहान-मोठे व्यावसायिक सोसायट्यांच्या गच्च्या मोजू लागले. गच्ची मोजून होते, बिलं पाहून होतात, वीसेक पानांची पीडीएफ तयार होते. मग ती सेक्रेटरींना पाठवायची वेळ येते आणि मेलमध्ये दोन ओळी लिहिल्या जातात: ‘आपल्याशी झालेल्या चर्चेनुसार प्रस्ताव सोबत जोडला आहे. कृपया पाहून कळवावे.’

पुढे त्या मेलचं काय होतं ते पाहण्यासारखं आहे. सेक्रेटरी बहुधा नोकरी सांभाळून हे काम करतात. ते मेल फोनवर उघडतात आणि कमिटीच्या इतर सभासदांना फॉरवर्ड करतात, किंवा त्यातला मजकूर आणि फाइल कमिटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतात. खजिनदार तीच फाइल संध्याकाळी फोनवर उघडतात. पहिल्या चार पानांवर कंपनीचा परिचय आणि झालेल्या कामांचे फोटो असतात, किंमत चौदाव्या पानावर असते. बैठकीपर्यंत वीसच्या वीस पानं वाचणारा एखादाच निघतो. बाकीच्यांच्या हाती येतो तो तुमचा मेल, आणि त्यात दोन ओळींपलीकडे काही नसतं.

प्रस्तावासोबतच्या मेलबद्दल मला जे सांगायचं आहे ते इथूनच निघतं. हा मेल ज्यांच्या नावाने जातो, ते त्याचे शेवटचे वाचक नसतात. निर्णय अशा खोलीत होतो जिथे प्रस्ताव देणारा हजर नसतो. तिथे त्याची बाजू मांडायला सेक्रेटरी असतात आणि त्यांच्या हातात हा मेल असतो. सेक्रेटरी सोलरमधले जाणकार नाहीत. समोरून प्रश्न आला की उत्तर त्यांना त्या पंधरा-वीस ओळींतच सापडायला हवं. मेल लिहिताना डोळ्यांसमोर ती बैठक ठेवली, की काय लिहायचं आणि काय गाळायचं हे बऱ्याच अंशी आपोआप ठरतं.

एक उदाहरण घेऊन आकड्यांसकट पाहू. पुण्यातली 64 फ्लॅटची एक सोसायटी धरा. लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले आणि पार्किंगमधले दिवे यांचा मिळून एक सामाईक मीटर आहे. गेल्या 12 महिन्यांच्या बिलांवरून महिन्याचा सरासरी वापर 3,900 युनिट निघतो. महावितरणच्या बिलावर मंजूर भार 35 किलोवॅट आहे. हा आकडा आधी पाहावा लागतो, कारण नेट मीटरिंगखाली मंजूर भारापेक्षा जास्त क्षमतेची यंत्रणा बसवता येत नाही. गच्चीवर सावली न पडणारी जागा तीन हजार चौरस फुटांच्या आसपास आहे. एका किलोवॅटला साधारण 100 चौरस फूट लागतात, तेव्हा 30 किलोवॅट बसू शकतात. आपल्याकडे एक किलोवॅट वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिट देतो. पावसाळ्यातली घट आणि पॅनेलवर बसणारी धूळ धरून वर्षाला 42,000 युनिट हा सावध अंदाज होतो. व्यावसायिकाने सांगितलेली किंमत जीएसटीसह 16 लाख 50 हजार आहे.

हे सगळं प्रस्तावात आहे. यातलं मेलमध्ये काय यावं?

पहिली गोष्ट फायद्याची. बहुतेक मेल इथे यंत्राचं वर्णन करतात: इतक्या वॅटची पॅनेलं, अमुक प्रकारचा इन्व्हर्टर, 25 वर्षांची हमी. कमिटीला मात्र मेंटेनन्सच्या भाषेत उत्तर हवं असतं, कारण सभासद त्यांना तोच प्रश्न विचारणार असतात. सोसायटीच्या बिलांवरून वाचणाऱ्या युनिटचा सरासरी दर दहा रुपये निघतो असं धरलं, तर 42,000 युनिटचे वर्षाला 4 लाख 20 हजार वाचतात. 64 फ्लॅटमध्ये वाटले तर प्रत्येक फ्लॅटमागे महिन्याला सुमारे 545 रुपये. हा शेवटचा आकडा सर्वसाधारण सभेत शेवटच्या रांगेत बसलेल्यालाही कळतो. 30 किलोवॅटचं मात्र त्याच्या मनात काहीच चित्र उभं राहत नाही.

पण हा आकडा कशावर उभा आहे तेही त्याच वाक्यात आलं पाहिजे. दहा रुपयांचा दर कुठून आला? सोसायटीच्याच बिलांवरून, आणि कोणत्या महिन्यांच्या, ते लिहावं. वीजदर बदलले की बचतही बदलेल, हे लिहावं. आणि ‘वीजबिल शून्य होईल’ असं कधीही लिहू नये. या सोसायटीचा वर्षाचा वापर 46,800 युनिट आहे आणि निर्मिती 42,000. शिवाय स्थिर आकार भरावाच लागतो. शून्य बिलाचं वचन दिलं, की पहिलं बिल आल्यावर सेक्रेटरींना सभासदांसमोर उत्तर द्यावं लागतं, आणि त्या सोसायटीकडून पुढे कोणाला तुमचं नाव सांगितलं जात नाही. बिलात काय उरेल हे स्वतःहून सांगणारा मेल जास्त विश्वासाचा वाटतो, कारण कमिटीत हिशोब करणारा एक जण असतोच आणि वजाबाकी त्याला येते.

दुसरी गोष्ट पैशांची, आणि इथे सगळ्यात मोठी गफलत होते. सोसायट्यांच्या सामाईक वापरासाठी या योजनेत किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान आहे. 30 किलोवॅटला 5 लाख 40 हजार. म्हणून मेलमध्ये ठळक अक्षरांत लिहिलं जातं, ‘तुमचा खर्च फक्त 11 लाख 10 हजार.’ वजाबाकी बरोबर आहे, चित्र मात्र चुकीचं आहे. अनुदान यंत्रणा बसून, तपासणी होऊन ती सुरू झाल्यानंतर सोसायटीच्या बँक खात्यात जमा होतं. तोपर्यंत पूर्ण 16 लाख 50 हजार सोसायटीनेच उभे करायचे असतात. खजिनदारांना हे बैठकीत कळलं तर ते म्हणतात, आधी निधीचं बघू, मग बोलू. विषय पुढच्या महिन्यावर जातो. म्हणून मेलमध्ये दोन्ही आकडे हवेत: आधी द्यायची रक्कम, नंतर परत येणारी रक्कम, आणि ती कधी येते. खर्च किती वर्षांत वसूल होतो हा हिशोबही त्याच वेळी सांगावा. 11 लाख 10 हजारांना वर्षाच्या 4 लाख 20 हजारांनी भागलं की साधारण दोन वर्षं आठ महिने येतात.

याच ठिकाणी आणखी एक ओळ लागते. अनुदानासाठी भारतात बनलेल्या सेलचीच पॅनेलं वापरावी लागतात. ती आयात सेलच्या पॅनेलपेक्षा महाग पडतात. सोसायटी शक्यतो तीन कोटेशनं मागवते आणि सेक्रेटरी त्यांचा तुलनात्मक तक्ता करतात. त्या तक्त्यात दुसऱ्या कोणाची किंमत लाख-दीड लाखाने कमी दिसली, तर ती कोणत्या पॅनेलची हे कोणी विचारत नाही. ‘आमची किंमत अनुदानाला पात्र अशा देशी पॅनेलची आहे, तुलना करताना इतर कोटेशनमध्ये हे तपासून घ्यावे’ एवढं वाक्य मेलमध्ये असलं, तर सेक्रेटरींना तक्त्यात एक रकाना वाढवण्याचं सुचतं. प्रतिस्पर्ध्याबद्दल एक शब्दही न बोलता तुलना योग्य मुद्द्यावर येते.

मेलमध्ये किंमत लिहावीच का, यावर व्यवसायात मतभेद आहेत. किंमत लिहिली की समोरचा प्रस्ताव उघडत नाही, आणि मेल फॉरवर्ड होत होत प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडतो, असं बरेच जण सांगतात. दुसरी भीती खरी आहे. तरीही सोसायटीच्या बाबतीत माझा कौल लिहिण्याच्या बाजूने आहे. किंमत तुलनात्मक तक्त्यात येणारच आहे. ती तुमच्या शब्दांत, तुमच्या अटींसकट आलेली बरी, कारण दुसऱ्याने चौदाव्या पानावरून उचललेल्या आकड्यासोबत अनुदान आणि पॅनेलच्या ओळी येत नाहीत. कामाची व्याप्ती अजून ठरायची असेल, जसं सॉफ्टवेअरच्या कामात पुष्कळदा असतं, तर गोष्ट वेगळी. तिथे एकच आकडा लिहिला तर तोच गळ्यात पडतो. अंदाजाची कमाल आणि किमान मर्यादा आणि ती कशावर अवलंबून आहे ते लिहिणं सुरक्षित.

आता मुदत. प्रस्तावात तक्ता असतो: आराखडा एक आठवडा, साहित्य तीन आठवडे, उभारणी दोन आठवडे, मग महावितरणची तपासणी आणि नेट मीटर. मेलमध्ये हे सगळं एका वाक्यात आणताना लिहिलं जातं, ‘काम दोन महिन्यांत पूर्ण करू.’ कोणत्या दिवसापासून दोन महिने, ते लिहिलेलं नसतं. सोसायटी मोजते ती ठराव झाला त्या दिवसापासून, व्यावसायिक मोजतो अ‍ॅडव्हान्स जमा झाला त्या दिवसापासून, आणि मधल्या तीन आठवड्यांवरून पुढे दोघांत कटुता येते. मोजणी सुरू होण्याचा दिवस मेलमध्ये स्पष्ट हवा.

दुसरं असं, की आपल्या हातातला वेळ आणि दुसऱ्यांच्या हातातला वेळ वेगळा दाखवावा. उभारणीपर्यंतचे सहा आठवडे व्यावसायिकाच्या हातात आहेत, त्यांची जबाबदारी त्याने घ्यावी. तपासणी आणि मीटर महावितरणच्या हातात आहे. तिथे तो कागदपत्रं अमुक दिवसात दाखल करण्याचं वचन देऊ शकतो, मीटर बसण्याचं नाही. पॅनेल बसली आहेत आणि मीटर नाही, अशा काळात गच्चीवर लाखोंचं सामान असतं आणि बचत शून्य असते. सभासद रोज सेक्रेटरींना विचारतात. हे आधीच मेलमध्ये सांगितलेलं असेल तर सेक्रेटरी तोच मेल दाखवू शकतात.

आणि तिसरं, ज्याकडे फार थोडे लक्ष देतात: ग्राहकाच्या बाजूलाही एक वेळापत्रक असतं. एवढ्या मोठ्या खर्चाला कमिटीची मंजुरी पुरत नाही, सर्वसाधारण सभेचा ठराव घ्यावा लागतो. आदर्श उपविधींनुसार वार्षिक सभेची नोटीस पूर्ण 14 दिवस आधी आणि विशेष सभेची पूर्ण पाच दिवस आधी द्यावी लागते. वार्षिक सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते. जुलैत प्रस्ताव पाठवणाऱ्याने हे दिवस डोक्यात ठेवले, तर तो कमिटीला नेमकं सांगू शकतो: 18 जुलैच्या बैठकीत शिफारस झाली तर 9 ऑगस्टच्या विशेष सभेत विषय घेता येईल. वाचणाऱ्याला लगेच जाणवतं की या माणसाला सोसायटीचं काम कसं चालतं ते ठाऊक आहे.

पुढचं पाऊल इथेच येतं. ‘आपल्या सकारात्मक प्रतिसादाच्या प्रतीक्षेत’ हे वाक्य विनंतीसारखं दिसतं, पण त्यात कोणालाही काहीही करायला सांगितलेलं नाही. याच्या उलट, पहिल्याच मेलमध्ये करारावर सही मागणं म्हणजे सेक्रेटरींकडे त्यांच्या अधिकारात नसलेली गोष्ट मागणं. मागायचं ते सेक्रेटरी स्वतःच्या अधिकारात, एका दिवसात देऊ शकतील असं हवं. कमिटीच्या बैठकीत 20 मिनिटं वेळ, हे असं मागणं आहे. एका मेलमध्ये एकच मागावं. वेळ द्या, शिवाय ही कागदपत्रं पाठवा, शिवाय गच्चीची चावी ठेवा, असं तीन गोष्टींचं ओझं टाकलं की सगळ्यात सोपी गोष्टही राहून जाते.

या उदाहरणातला पूर्ण मेल असा होईल. विषय आणि मजकूर दोन्ही देतो.

विषय: गच्चीवरील सोलर: 18 जुलैच्या कमिटी बैठकीसाठी प्रस्ताव

नमस्कार सेक्रेटरी साहेब,

शनिवारी गच्ची पाहताना आपण आणि खजिनदारांनी दोन गोष्टी विचारल्या होत्या: आधी किती पैसे लागतील आणि गच्ची गळणार तर नाही ना. दोन्हींची उत्तरं खाली दिली आहेत. सविस्तर प्रस्ताव सोबत जोडला आहे.

सामाईक मीटरसाठी 30 किलोवॅटची यंत्रणा सुचवली आहे. आपण दिलेल्या 12 महिन्यांच्या बिलांवरून वर्षाला सुमारे 4 लाख 20 हजार रुपयांची बचत होईल, म्हणजे प्रत्येक फ्लॅटमागे महिन्याला साधारण 545 रुपये. हा हिशोब युनिटला दहा रुपये या दराने केला आहे; दर बदलल्यास बचत बदलेल. बिल पूर्ण बंद होणार नाही. स्थिर आकार आणि वर्षाचे सुमारे 4,800 युनिट राहतील.

जीएसटीसह किंमत 16 लाख 50 हजार. ही रक्कम सोसायटीने आधी द्यायची आहे. यंत्रणा सुरू झाल्यावर 5 लाख 40 हजारांचे अनुदान थेट सोसायटीच्या खात्यात येईल. निव्वळ खर्च 11 लाख 10 हजार, वसुली साधारण दोन वर्षे आठ महिन्यांत. किंमत अनुदानाला पात्र अशा देशी पॅनेलची आहे. तुलना करताना इतर कोटेशनमध्ये हे तपासून घ्यावे.

सांगाडा काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभा राहील. स्लॅबला छिद्र पाडले जाणार नाही (पान 9).

अ‍ॅडव्हान्स जमा झाल्यापासून सहा आठवड्यांत उभारणी पूर्ण करू आणि त्यानंतर तीन दिवसांत महावितरणकडे कागदपत्रे दाखल करू. तपासणी आणि नेट मीटरला लागणारा वेळ महावितरणवर अवलंबून आहे. 18 तारखेला कमिटीची शिफारस झाली, तर 9 ऑगस्टच्या विशेष सभेत विषय घेता येईल.

एकच विनंती: 18 तारखेच्या बैठकीत आम्हाला 20 मिनिटे द्यावीत. बुधवारपर्यंत ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढे कळवले तरी चालेल.

हा प्रस्ताव 31 ऑगस्टपर्यंत ग्राह्य आहे. सर्व अटी सोबतच्या प्रस्तावात आहेत.

आपला,

(नाव, फोन क्रमांक)

या मेलमध्ये कंपनीची ओळख नाही. गच्ची पाहायला माणूस येऊन गेला तेव्हाच ती झाली आहे. पहिला परिच्छेद भेटीत विचारलेल्या दोन प्रश्नांपासून सुरू होतो, कारण आपण ऐकलं होतं हे दाखवण्याचा तो सगळ्यात साधा मार्ग आहे. गच्ची गळण्याची ओळ तर मुद्दाम वेगळी ठेवली आहे. सोलरला सभेत विरोध होतो तो बहुतेक वेळा सर्वात वरच्या मजल्यावरच्या सभासदांकडून, आणि त्यांचा प्रश्न युनिटचा नसतो, छताचा असतो. वॉटरप्रूफिंगवर खर्च केलेल्या सोसायटीत तर तो पहिल्या मिनिटाला येतो. त्याचं उत्तर एका ओळीत दिलं आणि प्रस्तावातलं पान सांगितलं, तर सेक्रेटरींना पीडीएफमध्ये शोधाशोध करावी लागत नाही. अर्थात ठोकळ्यांची ही पद्धत त्या गच्चीला चालत असेल तरच ही ओळ लिहायची. ठोकळ्यांचं वजन स्लॅबने पेललं पाहिजे आणि वाऱ्याचा दाब धरून त्यांचा हिशोब झाला पाहिजे. तो हिशोब नवव्या पानावर नसेल तर मेलमधली ओळ पोकळ ठरते.

मेलमध्ये तक्ता नाही, हेही विचारपूर्वक आहे. मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवला की तक्त्याचे रकाने कोसळतात आणि आकडे एकमेकांत मिसळतात. छोटे परिच्छेद मात्र जसेच्या तसे जातात. विषयाच्या ओळीत बैठकीची तारीख आहे, कारण दहा दिवसांनी शोधताना सेक्रेटरींना तीच आठवणार आहे. मेल मराठीत लिहायचा की इंग्रजीत, याचं उत्तर कमिटीची बैठक कोणत्या भाषेत चालते त्यात आहे. तुमचा प्रस्ताव कोणत्या भाषेत आहे याने फरक पडत नाही.

फाइलबद्दल थोडंसं. जीमेलमधून एका मेलसोबत 25 एमबीपर्यंतच्याच फाइल जोडता येतात. त्याहून मोठी असेल तर ड्राइव्हची लिंक जाते, आणि लिंक उघडण्याची परवानगी द्यायची राहिली तर खजिनदारांना फाइलऐवजी परवानगी मागणारा पडदा दिसतो. ते परवानगी मागत बसत नाहीत. गच्चीचे फोटो लहान करून पीडीएफ पाच एमबीच्या आत ठेवली तर हा प्रश्नच येत नाही. फाइलचं नाव `Solar_30kW_Proposal_13July.pdf` असं असावं. नावात ‘फायनल’ आणि ‘नवीन’ असलेल्या दोन फाइल ग्रुपवर फिरू लागल्या की बैठकीत निम्म्यांच्या हातात एक किंमत असते आणि निम्म्यांच्या हातात दुसरी.

यातूनच सगळ्यात महाग चूक होते: मेलमधला आकडा आणि प्रस्तावातला आकडा वेगळा असणं. किंमत शेवटच्या क्षणी बदलते, पीडीएफ सुधारली जाते, मेलचा मसुदा आदल्या दिवशीचाच राहतो. फरक पंधरा हजारांचा असला तरी सभेत कोणीतरी उभं राहून विचारतं, यातलं खरं काय? पाठवण्यापूर्वी पीडीएफ शेजारी उघडून मेलमधला प्रत्येक आकडा तिच्याशी ताडून पाहणं, त्याला पाच मिनिटं लागतात. ते काम प्रस्ताव ज्याने तयार केला त्याच्याऐवजी दुसऱ्या कोणी केलं तर अधिक चांगलं, कारण स्वतःच्या आकड्यांवरून आपली नजर सहज पुढे सरकते.

मेल वाचला गेला की नाही, हे उत्तरावरून ओळखता येतं. ‘बघून कळवतो’ एवढंच आलं तर तो बहुधा पुढे गेलेला नाही. ‘अनुदान किती दिवसांत येतं?’ असा प्रश्न आला तर मेल खजिनदारांपर्यंत पोचला आहे असं समजायला हरकत नाही. ‘गच्चीवर वाळवण घालायला जागा राहील का?’ असं विचारलं गेलं तर विषय घराघरात गेला आहे, आणि ते फार चांगलं लक्षण आहे. बुधवारपर्यंत काहीच आलं नाही तर गुरुवारी सकाळी फोन करावा. मेलच पाठवायचा असेल तर त्याच मेलला उत्तर म्हणून पाठवावा, म्हणजे जुना मजकूर खाली राहतो. आणि त्यात एखादी नवी, उपयोगी गोष्ट असावी: जवळच्या एखाद्या सोसायटीची यंत्रणा पाहायला येण्याचं निमंत्रण, त्या सोसायटीला विचारून. नुसतं ‘आठवण करून देत आहे’ असं लिहिलेला मेल सेक्रेटरींना अपराधी वाटायला लावतो, आणि तसं वाटलं की माणूस उत्तर टाळतो.

शेवटी त्या 31 ऑगस्टच्या ओळीबद्दल, जी बहुतेक जण सवयीने लिहितात किंवा विसरतात. भारतीय करार कायदा 1872 चा आहे. त्याच्या कलम 6 नुसार प्रस्ताव स्वीकारण्यासाठी दिलेली मुदत उलटली की प्रस्ताव संपुष्टात येतो. मुदत दिलीच नसेल तर ‘वाजवी काळ’ किती, हा वादाचा विषय होतो. वार्षिक सभेपर्यंत थांबलेली सोसायटी ऑक्टोबरमध्ये तुमची जुलैची किंमत पुढे करू शकते, आणि मधल्या काळात पॅनेलचे दर वाढलेले असतात. मेलवर झालेल्या कराराला वजन नसतं असं मानणाऱ्यांनी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 10-अ पाहावं; केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून करार अमान्य ठरत नाही, असं ते सांगतं. ट्रायमेक्स इंटरनॅशनल आणि वेदांता अ‍ॅल्युमिनियम यांच्यातल्या बॉक्साइटच्या व्यवहारात औपचारिक करारावर सह्या झालेल्या नव्हत्या. तरीही मेलवर पाठवलेला प्रस्ताव आणि मेलवरच आलेला स्वीकार यांतून करार पूर्ण झाला होता, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये मानलं.

म्हणून प्रस्तावासोबतच्या मेलमध्ये उत्साहाच्या भरात ‘वाटल्यास किंमत आणखी कमी करू’ किंवा ‘मीटरसह दोन महिन्यांत नक्की’ असं लिहू नका. जे प्रस्तावात नाही ते मेलमध्येही नको, कारण ग्राहक तोच मेल जपून ठेवतो आणि गरज पडली तर तोच समोर ठेवतो.